भुरक्याची कुळकथा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सान फ्रान्सिस्कोत कॉफीचा माल डोळ्यांनी विकत घेत. दाणा मोठा आणि रंग नीट, की भाव चढा. क्लॅरेन्स बिकफर्ड या दलालाने माल भाजून कपात चाखला आणि आकारावरून चव कळत नाही हे दाखवून दिलं. तिथल्याच हिल्स ब्रदर्स या कॉफी कंपनीने ही रीत उचलली. त्यातूनच आजचं कपिंग आलं.

म्हणजे कपिंग जन्मलं ते दाणा पारखायला. नमुना हलका भाजतात तो त्यासाठीच, कारण करपट कडवटपणाखाली दाण्याचे दोष लपतात. एकाच दाण्याच्या दोन भाजण्या शेजारी मांडल्या की हीच रीत उलटी फिरते. नेहमीच्या कपिंगमध्ये भाजणी ठरलेली असते आणि दाणा बदलतो. इथे दाणा तोच राहतो आणि भाजणी बदलते.

पुण्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात मी चिकमगळूरच्या एकाच अरेबिकाच्या दोन भाजण्या मांडल्या, एक हलकी, एक गडद. नियम प्रत्येकी पाच वाट्यांचा; मी तीन-तीन घेतल्या. वाट्या अनेक लागतात, कारण एका कुजक्या दाण्याने एकच वाटी नासते, आणि शेजारच्या वाट्या असल्याशिवाय ते कळत नाही. दीडशे मिलिलिटर पाण्याला सव्वाआठ ग्रॅम पूड, तीही वजन करून. गडद दाणा फुगून हलका होतो, म्हणून चमच्याने मोजलं तर त्याच्या वाटीत कॉफी कमी पडते. पुण्यात पाणी साधारण 98 अंशांना उकळतं. ते 93 वर उतरू दिलं, मगच ओतलं.

चार मिनिटांत चोथ्याचा जाड थर वर येतो. नाक वाटीशी नेऊन चमच्याच्या पाठीने तो तीनदा मागे सारायचा. कोंडलेला वास त्या क्षणीच सुटतो. हलक्या भाजणीतून संत्र्याच्या सालीसारखा वास आला, गडदमधून जळक्या गुळासारखा. पुढच्या वाटीआधी चमचा धुवायचा, नाहीतर एकीचा वास दुसरीत जातो. मग दोन चमच्यांनी फेस काढायचा आणि कॉफी 70 अंशांच्या आसपास आली की जोरात भुरका मारायचा, म्हणजे ती जिभेभर पसरते आणि वास नाकात चढतो.

गुण मी कपिंगच्या जुन्या फॉर्मवर दिले. त्यावर दहा रकाने असत, प्रत्येकी दहा गुणांचे. त्यातली अ‍ॅसिडिटी म्हणजे फळासारखी आंबट चटक. ती मी हलकीला पावणेआठ दिली, गडदला पावणेसात. तोंडात भरणाऱ्या जाडीत गडद अर्ध्या गुणाने वर गेली. वाट्या गार झाल्यावर पुन्हा चाखल्या, तेव्हा गडदमधली राख वर आली. ती गरम असताना जाणवली नव्हती.

80 गुण मिळाले की माल स्पेशालिटी, हा त्या फॉर्मचा नियम हलक्या भाजणीच्या नमुन्यासाठी होता. गडद वाटीला 78 पडले, तर त्यावरून शेतकऱ्याच्या दाण्यावर निकाल देऊ नये. म्हणून गुणांशेजारी भाजणी लिहायला विसरू नका.