आभाळाचा फोटो बघून ढग कसा ओळखायचा? वळवाचा पाऊस, वीज आणि गारपिटीच्या ढगाच्या खुणा

एप्रिल-मे महिन्यात दुपारी आभाळ भरून आलं की गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो पडतात आणि खाली एकच प्रश्न असतो, ‘पाऊस येईल का?’ खळ्यावर हळद पसरलेली असते, कांदा शेतात काढून ठेवलेला असतो. अशा वेळी फोटोतल्या ढगाची जात ओळखता आली तर झाकाझाकीला तास-अर्धा तास मिळू शकतो.

फोटो कसा काढावा?

नुसत्या आभाळाचा फोटो फारसा कामाचा नसतो. खाली झाडांची किंवा घरांची रांग दिसली पाहिजे, म्हणजे ढगाची उंची समजते. झूम करू नका, कारण लांबचा ढग जवळ वाटतो. ढग कोणत्या दिशेला आहे आणि किती वाजलेत, ते फोटोसोबत लिहा. त्याच जागेवरून पंधरा मिनिटांनी दुसरा फोटो काढा. एका फोटोत ढग दिसतो, पण तो वाढतोय की विरतोय हे दोन फोटोंतच कळतं.

आधी कडा बघा, मग डोकं

पिंजलेल्या कापसासारखे, तळ सपाट आणि उंचीपेक्षा रुंदी जास्त, असे सुटे पांढरे ढग म्हणजे क्युम्युलस. हे उन्हाने तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेचे ढग. ते एवढेच राहिले तर पाऊस देत नाहीत, संध्याकाळी विरून जातात.

तोच ढग रुंदीपेक्षा उंच होऊ लागला आणि डोकं फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं, रेखीव कडांचं दिसू लागलं, तर आतली हवा जोरात वर चढते आहे असं समजा. यातून सर पडू शकते.

पुढची पायरी म्हणजे क्युम्युलोनिंबस, विजेचा ढग. याची मुख्य खूण डोक्यावर असते. रेखीव कडा पुसट, तंतूंसारख्या होतात, कारण वरचं पाणी गोठून बर्फाचे कण झालेले असतात. पुढे माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरतो. वीज, वादळी वारा आणि गारा याच ढगातून येतात.

खूप उंचावर विस्कटलेल्या केसांसारखे पातळ ढग दिसले तर ते सिरस. त्यांतून जमिनीवर पाऊस पडत नाही. मात्र ऐरणीची कडाही तशीच दिसते. म्हणून ते तंतू खाली कुठल्या मोठ्या ढगाला जोडलेले आहेत का, हे बघा.

एक उदाहरण

समजा, दुपारी दीडच्या फोटोत पश्चिमेला सुटे क्युम्युलस आहेत. अडीचच्या फोटोत त्यातला एक झाडांच्या रांगेवर दुप्पट उंच झालाय, डोकं फ्लॉवरसारखं. सव्वातीनला माथा पसरून ऐरण झाली, तळ काळा पडला. आता वीज चमकली की सेकंद मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. गडगडाट ४५ सेकंदांनी आला तर वीज १५ किलोमीटरवर आहे. ढग ताशी ३० किलोमीटरने आपल्याकडे सरकत असेल तर अर्धा तास हातात आहे. ताडपत्री टाकायची ती याच वेळात. चमक आणि आवाज यांत ३० सेकंद किंवा त्याहून कमी अंतर आलं, तर काम तसंच टाकून पक्क्या घरात जा. झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका.

क्षितिजावर कमानीसारखा काळा पट्टा खाली उतरलेला दिसला, तर सोसाट्याचा वारा काही मिनिटांवर आहे. तेव्हा पत्रे आणि ताडपत्री धरायला जाऊ नका.

फोटो कुठे फसवतो?

ढग डोक्यावर आला की माथा दिसत नाही, फक्त काळा तळ दिसतो. पावसाळ्यातला निंबोस्ट्रॅटस खालून असाच दिसतो. त्याला कड नसते, सगळं आभाळ एकसारखं करडं असतं आणि पाऊस संथ, पण तासन्‌तास पडतो. कडकडाट, अचानक गार वारा आणि टपोरे थेंब असतील तर तो विजेचाच ढग.

काळेपणावरूनही फसगत होते. सूर्य ढगामागे असला की साधा ढगसुद्धा काळा येतो, आणि उन्हात उजळलेला विजेचा ढग पांढराशुभ्र दिसतो. कधी ढगाखाली पावसाची झालर लोंबते, पण थेंब कोरड्या हवेत वाटेतच सुकतात. पाऊस येत नाही, वारा मात्र येऊ शकतो.

गारा पडतीलच का, हे फोटोवरून सांगता येत नाही. विजेचा ढग ओळखला की पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ अॅप उघडा. आपल्या भोवती २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज पडते आहे का, ते त्यात दिसतं. हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशाराही बघा. इशारा पूर्ण जिल्ह्याचा असतो. ढग आपल्या शिवारावर येतोय का, हे मात्र पंधरा मिनिटांच्या अंतराचे दोन फोटो सांगतात.