पाकिटावरचा ‘सर्व्ह’ आणि पोटात गेलेलं प्रमाण: पोषणतक्ता कसा वाचावा?

रक्तदाबाची गोळी सुरू असलेल्या माणसाला डॉक्टर मीठ कमी करायला सांगतात. घरात लोणचं-पापड बंद होतात. संध्याकाळी चहाबरोबर शेव खाताना तो पाकिटाची मागची बाजू वाचतो. सोडियमच्या ओळीत शेवटच्या रकान्यात ‘१२ टक्के’ लिहिलेलं असतं. दिवसभराच्या मर्यादेच्या जेमतेम आठव्या भागाएवढं सोडियम आहे, असं समजून तो निर्धास्त होतो. प्रत्यक्षात त्याने ३० टक्के सोडियम खाल्लेलं असतं. पाकिटावरचा आकडा खोटा नसतो, पण तो त्याने खाल्लेल्या शेवेचा नसतो.

हा फरक कुठून येतो आणि आपण खाल्लेल्या प्रमाणाचा हिशेब कसा करायचा, हे एका उदाहरणातून पाहता येईल.

एका तक्त्यात दोन वेगवेगळी मापं

भारतात पाकीटबंद पदार्थांवरची माहिती कशी द्यावी, हे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) २०२० च्या नियमांनुसार ठरतं. त्यानुसार पोषणतक्त्यात दोन गोष्टी असतात. पहिली म्हणजे १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटर पदार्थात काय आणि किती आहे. एका वेळी संपवायचं छोटं पाकीट असेल, तर त्या अख्ख्या पाकिटाचे आकडेही देता येतात. दुसरी गोष्ट म्हणजे एका ‘सर्व्ह’मधून, म्हणजे एका वेळच्या वाढपातून, दिवसाच्या शिफारस केलेल्या मात्रेचा किती टक्के भाग मिळतो. ही दैनंदिन मात्रा पाकिटावर ‘आरडीए’ या नावाने छापलेली असते.

गोंधळाचं मूळ इथेच आहे. तक्त्यातले ग्रॅम आणि मिलिग्रॅम १०० ग्रॅम पदार्थाचे असतात, तर शेजारची टक्केवारी एका सर्व्हची असते. दोन्ही आकडे एकाच ओळीत असल्यामुळे ते एकाच प्रमाणाचे आहेत, असं वाचणाऱ्याला वाटतं.

२०० ग्रॅम शेवेच्या एका पाकिटावर असा तक्ता आहे, असं समजू. सर्व्ह ३० ग्रॅमचा आहे आणि पाकिटात अंदाजे ७ सर्व्ह आहेत.

| घटक | १०० ग्रॅममध्ये | एका सर्व्हमधून, आरडीएच्या टक्के |
|---|---|---|
| ऊर्जा | ५५० किलोकॅलरी | ८ |
| एकूण फॅट | ३६ ग्रॅम | १६ |
| सॅच्युरेटेड फॅट | १२ ग्रॅम | १६ |
| सोडियम | ८०० मिलिग्रॅम | १२ |

सोडियमची ओळ सरळ वाचली, तर ८०० मिलिग्रॅम म्हणजे दिवसाचे १२ टक्के असा अर्थ निघतो. तो चुकीचा आहे. ही टक्केवारी प्रौढ माणसासाठी दिवसाला २००० मिलिग्रॅम सोडियम धरून काढलेली असते. त्या हिशेबाने ८०० मिलिग्रॅम म्हणजे ४० टक्के होतात. १२ टक्के म्हणजे २४० मिलिग्रॅम आणि ते ३० ग्रॅम शेवेतलं सोडियम आहे.

कुठल्याही पाकिटावर हा रकाना कशाचा आहे, अशी शंका आली तर हीच पडताळणी करता येते. त्यासाठी दिवसाच्या ठरलेल्या मात्रा माहीत असाव्या लागतात. नियमांनुसार त्या अशा आहेत: ऊर्जा २००० किलोकॅलरी, एकूण फॅट ६७ ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट २२ ग्रॅम, ट्रान्स फॅट २ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम आणि सोडियम २००० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ.

सर्व्ह हा सल्ला नव्हे

सर्व्हचा आकडा पाहून ‘एवढंच खावं’ किंवा ‘एवढं खाल्लं तर चालतं’ असा अर्थ काढला जातो. दोन्ही अर्थ बरोबर नाहीत. सर्व्ह म्हणजे लेबलवर धरलेलं एका वेळचं प्रमाण. ते खाणाऱ्याचं वय, आजार किंवा भूक पाहून ठरलेलं नसतं. ३० ग्रॅम शेव चिवड्यावर भुरभुरायला पुरेशी असेल, पण बशीत घेऊन बसलं की ती कधी संपली हे कळतही नाही.

दोन कंपन्यांच्या पाकिटांची तुलना करतानाही सर्व्हची टक्केवारी दिशाभूल करू शकते. दुसऱ्या एका शेवेच्या १०० ग्रॅममध्ये १००० मिलिग्रॅम सोडियम आहे, पण तिचा सर्व्ह २० ग्रॅमचा धरला आहे, असं समजू. एका सर्व्हमध्ये २०० मिलिग्रॅम, म्हणजे १० टक्के सोडियम होतं. पहिल्या पाकिटावर १२ आणि या पाकिटावर १० टक्के पाहून दुसरी शेव कमी खारट वाटेल. प्रत्यक्षात तीच जास्त खारट आहे. म्हणून दोन पदार्थांची तुलना करायची असेल, तर १०० ग्रॅमचाच रकाना पाहावा.

आधी किती खाल्लं ते ठरवायचं

खाल्लेलं प्रमाण ग्रॅममध्ये कळलं की पुढचा हिशेब सोपा असतो. स्वयंपाकघरात वजनकाटा असेल, तर बशीत घेतलेला पदार्थ मोजावा किंवा पाकिटात उरलेला पदार्थ मोजून तो निव्वळ वजनातून वजा करावा. पाकिटासकट मोजल्यास रिकाम्या पाकिटाचं वजन वगळावं लागतं.

काटा नसेल, तर पाकिटाचा किती भाग संपला यावरून अंदाज घेता येतो. २०० ग्रॅमचं पाकीट चौघांनी सारखं वाटून संपवलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला ५० ग्रॅम आले. बिस्किटांच्या बाबतीत निव्वळ वजनाला बिस्किटांच्या संख्येने भागावं. ९० ग्रॅमच्या पुड्यात १२ बिस्किटं असतील, तर एक बिस्कीट साडेसात ग्रॅमचं आणि चहाबरोबर खाल्लेली सहा बिस्किटं ४५ ग्रॅमची होतात.

वाटीच्या मापावर मात्र फार भरवसा ठेवता येत नाही. एकाच वाटीत पोह्यांचा चिवडा हलका भरतो आणि तळलेली डाळ जड. दोन्हींचा आकार सारखा दिसला तरी वजनात बराच फरक पडतो.

शेवेचा पूर्ण हिशेब

आता सुरुवातीच्या माणसाकडे परत येऊ. २०० ग्रॅमच्या पाकिटात १२५ ग्रॅम शेव उरली आहे, म्हणजे त्याने ७५ ग्रॅम खाल्ली. इथून दोन वाटांनी जाता येतं आणि दोन्हींचं उत्तर सारखंच यायला हवं.

पहिली वाट १०० ग्रॅमच्या रकान्यातून जाते. छापील आकड्याला खाल्लेल्या ग्रॅमने गुणून १०० ने भागायचं. सोडियमसाठी ८०० गुणिले ७५ भागिले १००, म्हणजे ६०० मिलिग्रॅम. २००० पैकी ६०० म्हणजे ३० टक्के.

दुसरी वाट टक्केवारीतून जाते. खाल्लेलं वजन सर्व्हच्या वजनाने भागायचं: ७५ भागिले ३०, म्हणजे अडीच सर्व्ह. छापील १२ टक्क्यांना अडीचने गुणलं की ३० टक्के येतात. उत्तरं जुळली, म्हणजे रकाने बरोबर वाचले गेले. एखाद्या टक्क्याचा फरक पडला तर काळजीचं कारण नाही, कारण छापील टक्के पूर्णांकात आणलेले असतात. फरक दुपटी-तिपटीचा असेल, तर कुठला तरी रकाना चुकीच्या प्रमाणाचा समजला गेला आहे.

याच रीतीने बाकीचे आकडे काढले, तर ऊर्जा सुमारे ४१२ किलोकॅलरी, एकूण फॅट २७ ग्रॅम, म्हणजे ४० टक्के, आणि सॅच्युरेटेड फॅट ९ ग्रॅम, म्हणजे सुमारे ४१ टक्के होतं. सोडियमचा आकडा मिठात समजून घ्यायचा असेल, तर ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे साधारण १ ग्रॅम मीठ हे लक्षात ठेवावं. ६०० मिलिग्रॅम म्हणजे दीड ग्रॅम मीठ. आमटी, भाजी आणि भाकरीतलं मीठ यापेक्षा वेगळं.

पाणी घालून केलेले पदार्थ

झटपट नूडल्स, सूप आणि सरबताचा अर्क यांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न असतो: तक्ता कोरड्या पदार्थाचा आहे की तयार पदार्थाचा? तक्त्याच्या वर किंवा खाली त्याचा उल्लेख आहे का, ते आधी पाहावं.

७० ग्रॅमच्या नूडल्सच्या पाकिटावर मसाल्यासह १०० ग्रॅम कोरड्या पदार्थात १२०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं आहे, असं धरू. पूर्ण पाकीट संपवलं, तर ८४० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाचे ४२ टक्के सोडियम पोटात गेलं. शिजवलेल्या नूडल्स काट्यावर ठेवल्या, तर पाण्यामुळे वजन २५० ग्रॅमही भरू शकतं. ते वजन कोरड्या पदार्थाच्या तक्त्यात घातलं, तर ३००० मिलिग्रॅम असं भलतंच उत्तर येईल. पाण्याने वजन वाढतं, सोडियम वाढत नाही. म्हणून अशा वेळी शिजवण्याआधीचं वजन धरावं.

चूक उलटही होते

दरवेळी माणूस खाल्लेलं कमीच मोजतो असं नाही. टोमॅटो सॉसच्या बाटलीवर १०० ग्रॅममध्ये १००० मिलिग्रॅम सोडियम वाचून कोणी दचकेल. पण सामोशाबरोबर १५ ग्रॅम सॉस घेतला, तर त्यातून १५० मिलिग्रॅमच सोडियम येतं. तसंच २० ग्रॅमच्या छोट्या पाकिटावर १०० ग्रॅमचे आकडे छापलेले असतील, तर पूर्ण पाकीट संपवूनही त्यांचा पाचवा भागच खाल्लेला असतो.

या टक्क्यांची मर्यादा

हिशेब बरोबर आला तरी टक्केवारी सर्वसाधारण प्रौढ माणसासाठी आहे, हे विसरून चालत नाही. पाच वर्षांच्या मुलाने तीच ७५ ग्रॅम शेव खाल्ली, तर ३० टक्के हा आकडा त्याला लागू होत नाही, कारण त्याची दिवसाची मर्यादा कमी असते. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारात डॉक्टरांनी सोडियमची वेगळी मर्यादा दिली असेल, तर टक्के बाजूला ठेवावेत आणि मिलिग्रॅमचा आकडा त्या मर्यादेशी ताडून पाहावा. मधुमेहींनाही फक्त साखरेची ओळ पुरत नाही. शेवेत साखर नावापुरती असली, तरी बेसनातल्या स्टार्चचा हिशेब ‘कर्बोदके’ या ओळीत असतो. तोही खाल्लेल्या ग्रॅमनेच गुणावा लागतो.