उपाध्ये, आदिनाथ नेमिनाथ

(६ फेब्रुवारी १९०६ – ८ ऑक्टोबर १९७५). प्राकृत भाषा आणि जैन धर्म-वाङ्मयाचे संशोधक, संपादक व अध्यापक. जन्म बेळगाव जिल्ह्यातील सदलगा येथे. हे गाव कन्नड-मराठी सीमाभागातले. घरी कन्नड, बाहेर मराठी आणि अभ्यासाला संस्कृत-प्राकृत, हे त्या भागात वाढलेल्या माणसाला अवघड वाटत नाही. उपाध्ये यांच्या कामाला मात्र त्याचा मोठा आधार झाला, कारण कन्नड लिपीतल्या संस्कृत पोथ्या ते थेट वाचू शकत होते.

प. ल. वैद्य यांच्या मार्गदर्शनाखाली प्राकृताचा अभ्यास करून १९३० मध्ये ते एम. ए. झाले. त्याच वर्षी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे अध्यापक म्हणून रुजू झाले आणि १९६२ मध्ये तिथूनच निवृत्त झाले. मुंबई विद्यापीठाची डी. लिट. १९३९ मध्ये.

*वरांगचरित.* उपाध्ये यांची कामाची रीत समजून घ्यायला हे संपादन सर्वांत उपयोगी. वरांग या राजपुत्राची ही ३१ सर्गांची संस्कृत कथा. जुन्या ग्रंथांत तिचे नाव आदराने येई, पण पोथी अभ्यासकांसमोर नव्हती. कोल्हापूरच्या लक्ष्मीसेन मठातल्या ताडपत्रांत ती उपाध्ये यांना मिळाली. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने अक्षर कोरतात आणि मग त्यात काजळी भरतात. काजळी उडाली की पान उजेडाकडे तिरपे धरून नुसत्या ओरखड्यांवरून वाचावे लागते. जुन्या कन्नड लेखनात ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही अनेकदा स्पष्ट नसतो. अशा वेळी वृत्त काय मागते आणि अर्थ काय सांगतो, हे दोन्ही जुळवल्याशिवाय पाठ ठरत नाही.

पोथी हाती आली, तरी कर्ता कोण हा प्रश्न उरलाच. जिनसेनाच्या हरिवंशपुराणात (शके ७०५) वरांगचरिताची स्तुती आहे, पण कर्त्याचे नाव नाही. ती स्तुती रविषेणाच्या पद्मचरिताला लागूनच येत असल्याने जुन्या अभ्यासकांनी दोन्ही ग्रंथ रविषेणाचेच मानले होते. उपाध्ये यांनी दुसऱ्या साक्षी काढल्या. उद्द्योतनसूरीच्या कुवलयमालेत (शके ७००) वरांगचरित व पद्मचरित यांच्यासोबत जडिय आणि रविषेण अशी दोन नावे येतात. धवल कवीच्या अपभ्रंश हरिवंशात वरांगचरित जटिलाच्या नावावर आहे आणि चामुंडरायाने त्यातला श्लोक जटासिंहनंदी आचार्यांचा म्हणून दिला आहे. जडिय, जटिल आणि जटासिंहनंदी ही एकाच व्यक्तीची नावे ठरली. त्यांचा काळ सातव्या शतकाच्या आसपास येतो. कोप्पळच्या टेकडीवर जटासिंहनंदींच्या पादुका कोरल्याचा कन्नड लेख आहे, त्याचाही उपाध्ये यांनी या संदर्भात विचार केला. ग्रंथ १९३८ मध्ये माणिकचंद्र दिगंबर जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. एका चुकलेल्या नावासाठी इतके श्रम घेणारा संपादक लाभणे, हे त्या कवीचे भाग्यच म्हणावे लागेल.

*इतर संपादने.* कुंदकुंदाचार्यांच्या प्रवचनसाराच्या १९३५ च्या आवृत्तीला त्यांची दीर्घ इंग्रजी प्रस्तावना आहे. तीत त्यांनी कुंदकुंदांचा काळ इसवी सनाच्या प्रारंभी ठेवला. मधुसूदन ढाकी यांच्यासारखे नंतरचे अभ्यासक तो बराच अलीकडे आणतात आणि हा वाद मिटलेला नाही. परमात्मप्रकाश (१९३७), बृहत्कथाकोश (१९४३), लीलावई (१९४९). कुवलयमालेची संहिता १९५९ मध्ये निघाली. ती जैसलमेरची ताडपत्री पोथी आणि पुण्याची कागदी पोथी, अशा दोनच प्रतींवर उभी आहे. निरनिराळ्या देशांच्या लोकांच्या बोलण्याचे जे वर्णन या ग्रंथात येते, त्यात मरहट्ट लोकही आहेत. मराठीच्या इतिहासात त्याचा उल्लेख वारंवार होतो.

*यापनीय संघ.* दिगंबर आणि श्वेतांबर यांच्यामधला हा लुप्त पंथ. मुनी नग्न राहत, पण स्त्रीलाही मोक्ष मिळतो असे मानत. त्याच्या खुणा कर्नाटकातल्या शिलालेखांत आहेत. उपाध्ये यांनी १९३३ मध्येच या पंथावर लेख लिहिला. स्वतः दिगंबर घरात जन्मलेल्या अभ्यासकाने दोन्ही परंपरांनी विसरलेल्या मुनींचा इतका आस्थेने शोध घ्यावा, ही गोष्ट प्रस्तुत नोंदकाराला मोलाची वाटते.

हिरालाल जैन यांच्यासमवेत त्यांनी मूर्तिदेवी आणि सोलापूरची जीवराज या ग्रंथमालांचे प्रधान संपादकत्व सांभाळले. दुसऱ्यांच्या ग्रंथांना लिहिलेल्या त्यांच्या प्रास्ताविकांची अजून नीट दखल घेतली गेलेली नाही.

*सन्मान.* अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद, अलिगढ (१९६६) आणि कन्नड साहित्य संमेलन, श्रवणबेळगोळ (१९६७) यांचे अध्यक्षपद.

१९७१ पासून ते म्हैसूर विद्यापीठात जैनविद्या व प्राकृत यांचे प्राध्यापक होते. निधन कोल्हापूर येथे.