सुट्या पैशांची लोभी रीत

मोड देताना रकमेत बसणारे सर्वांत मोठे नाणे आधी द्यायचे, उरलेल्या रकमेसाठी पुन्हा तेच करायचे, ही रीत व्यवहारात फार जुनी आहे. संगणकशास्त्रात तिला लोभी पद्धत म्हणतात, कारण ती पुढचा विचार न करता दर पावलाला जास्तीत जास्त मोठा घास घेते. तिने कमीत कमी नाणी लागतात का, हे मात्र नाण्यांच्या संचावर अवलंबून असते, आणि भारतीय नाण्यांच्या इतिहासात दोन्ही उत्तरे सापडतात.

आणे-पैशांच्या काळात रुपया 16 आण्यांचा आणि आणा 4 पैशांचा. आणा, चवली, पावली, अधेली, रुपया या साखळीत प्रत्येक नाणे आधीच्याच्या दुप्पट होते. मोड देताना एकाच जातीची दोन नाणी आली, की त्यांच्या जागी वरचे एक देता येई. त्यामुळे अशा संचात लोभी रीत चुकूच शकत नाही.

1 एप्रिल 1957 ला दशमान पद्धत आली. आता 5 ला 2 ने किंवा 25 ला 10 ने भाग जात नव्हता, पण रीत तरीही टिकली. दोन-दोनची तीन नाणी झाली तर पाच आणि एक अशी दोनच पुरत. दहाची तीन झाली तर पंचवीस आणि पाच पुरत. नीट भाग जाणे पुरेसे असते, पण आवश्यक नसते.

बिघाड झाला तो 1968 मध्ये, 20 पैशांचे नाणे आल्यावर. 40 पैसे द्यायचे तर लोभी रीत आधी 25 उचलते, मग 10, मग 5: तीन नाणी. वीसची दोन नाणी पुरली असती. 90 पैशांतही तसेच होते: 50, 25, 10, 5 अशी चार, आणि 50, 20, 20 अशी तीन. ब्रिटनमध्ये हेच आधी घडले होते. तिथे 24 पेन्सचा फ्लोरिन आणि 30 पेन्सचा हाफ-क्राउन एकत्र चालत, म्हणून 48 पेन्सला 30, 12, 6 अशी तीन नाणी निघत. दोन फ्लोरिनांत काम भागे.

खात्रीचे उत्तर हवे असेल तर लहान रकमेपासून तक्ता भरत जावा लागतो. 40 साठी शेवटचे नाणे 25 धरले तर 15 उरतात, त्यांना दोन नाणी. 10 धरले तर 30 उरतात, त्यांनाही दोन. 20 धरले तर उरलेल्या 20 ला एकच. म्हणून उत्तर दोन. हा तक्ता किती लांब न्यावा, हे 1994 साली कोझेन आणि झाक्स यांनी दाखवले: संचात दोष असेल, तर सर्वांत मोठ्या दोन नाण्यांच्या बेरजेपेक्षा लहान अशा एखाद्या रकमेत तो सापडतोच. म्हणजे 50 पैशांपर्यंतच्या संचासाठी 75 पैशांच्या आतल्या रकमा तपासल्या की निकाल लागतो.

जून 2011 अखेर 25 आणि त्याखालची पैशांची नाणी चलनातून गेली. आजच्या 1, 2, 5, 10 आणि 20 रुपयांच्या नाण्यांत लोभी रीत प्रत्येक रकमेला कमीत कमी नाणी देते.