महाराष्ट्र शासनाच्या सेवेतील संगणक अर्हता : दोन वर्षांची मुदत आणि कोणते प्रमाणपत्र चालते

महाराष्ट्र शासनाने दावा सांगितलेल्या सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी भाषिक तरुणांना महाराष्ट्राच्या शासकीय पदांसाठी अर्ज करता येतो. सामान्य प्रशासन विभागाच्या १० जुलै २००८ च्या शासन निर्णयाने ही सवलत दिली असून त्यासाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा विहित नमुन्यातील दाखला जोडावा लागतो. दाखल्याची ही अट आता बहुतेकांना ठाऊक झाली आहे. त्याच जाहिरातीत थोड्या खाली असलेली संगणक अर्हतेची अट मात्र अनेकजण ‘नंतर पाहू’ म्हणून सोडून देतात. निवड होते, नियुक्तीचा आदेश हाती येतो आणि मग आदेशातील एका अटीकडे लक्ष जाते : विहित संगणक अर्हता नियुक्तीच्या दिनांकापासून दोन वर्षांच्या आत प्राप्त न केल्यास सेवा समाप्त करण्यात येईल.

अट कोठून आली

या अटीचा आधार महाराष्ट्र नागरी सेवा (संगणक हाताळणी/वापराबाबतचे ज्ञान आवश्यक ठरविण्याबाबत) नियम, १९९९ हा आहे. कोणती परीक्षा उत्तीर्ण झाल्यास हे ज्ञान असल्याचे मानायचे, हे वेळोवेळीच्या शासन निर्णयांनी ठरविले. सध्याच्या जाहिरातींत प्रामुख्याने ४ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाचा उल्लेख असतो. त्यानुसार दोन मार्ग आहेत. पहिला, पूर्वीच्या डोएक, म्हणजे आताच्या नायलिट या केंद्रीय संस्थेची सीसीसी अथवा ओ, ए, बी, सी या स्तरांपैकी कोणतीही एक परीक्षा. दुसरा, महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची एमएस-सीआयटी परीक्षा.

येथे एक गोष्ट स्पष्ट असावी. शासन उमेदवाराची संगणकावरील हुशारी मोजत नाही, प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे आहे ते पाहते. खासगी संस्थेतून सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केलेला आणि रोज संगणकावर काम करणारा कर्मचारीही, प्रमाणपत्र या यादीतील नसेल तर, अर्हता नसलेलाच ठरतो.

दोन परीक्षांचे स्वरूप

एमएस-सीआयटी हा महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या अधिकृत केंद्रांतून शिकविला जाणारा अभ्यासक्रम आहे. त्यात एकूण १०० गुण असतात. त्यांपैकी ५० गुण केंद्रातील सरावाचे व शिक्षणप्रगतीचे, तर ५० गुण अंतिम ऑनलाइन परीक्षेचे असतात. दोन्ही भागांत स्वतंत्रपणे किमान २० गुण आवश्यक आहेत. म्हणून केंद्रात नाव नोंदवून केवळ शेवटच्या परीक्षेला जाण्याचा बेत येथे चालत नाही. ज्यांना संगणकाची मुळीच सवय नाही, त्यांना हा मार्ग सोयीचा पडतो. परंतु केंद्रात नियमित जाणे शक्य असले पाहिजे.

सीसीसीचा अभ्यासक्रम ८० तासांचा आहे. मात्र संस्थेत प्रवेश न घेता थेट उमेदवार म्हणूनही ही परीक्षा देता येते. परीक्षा ऑनलाइन असून ९० मिनिटांत १०० वस्तुनिष्ठ प्रश्न सोडवायचे असतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवण्यात अर्थ नाही. उत्तीर्ण होण्यास ५० गुण लागतात. पन्नासपासून चढत्या क्रमाने डी, सी, बी, ए आणि ८५ पासून एस अशी श्रेणी मिळते, परंतु संगणक अर्हतेच्या अटीसाठी डी श्रेणीही पुरेशी आहे. २०१९ मध्ये अभ्यासक्रम बदलला. तेव्हापासून लिबर ऑफिसमधील लेखन, तक्ते व सादरीकरण, तसेच डिजिटल आर्थिक व्यवहार यांवर प्रश्न येतात. जुनी पुस्तके वाचून गेलेल्यांची अडचण बहुधा येथेच होते. अर्ज student.nielit.gov.in या संकेतस्थळावर करावा लागतो.

सीमाभागातील वा गोव्यातील उमेदवारासाठी सीसीसीचा मोठा उपयोग असा, की परीक्षा अखिल भारतीय असल्याने महाराष्ट्रात राहण्याची गरज नसते. निवडीची वाट पाहत असतानाच ती घरी राहून उत्तीर्ण होता येते.

नावातील साम्याची फसगत

यादीत नायलिटची सीसीसी आहे, बीसीसी नाही. बीसीसी हा त्याच संस्थेचा पण त्याहून प्राथमिक स्तराचा, ३६ तासांचा अभ्यासक्रम आहे. प्रमाणपत्रावर नायलिटचे नाव पाहून अनेकजण निश्चिंत होतात आणि कागदपत्र पडताळणीच्या वेळी अडकतात.

दुसरी फसगत खासगी संस्थांची. ‘सीसीसी’ ही तीन अक्षरे कोणीही आपल्या अभ्यासक्रमाला देऊ शकतो. गुजरात शासनाच्या कर्मचाऱ्यांना द्यावी लागणारी संगणक परीक्षाही सीसीसी याच नावाने ओळखली जाते, परंतु ती त्या राज्याच्या स्वतंत्र नियमांखालील परीक्षा आहे. कर्नाटकातही शासकीय कर्मचाऱ्यांसाठी २०१२ च्या नियमांनुसार वेगळी संगणक साक्षरता परीक्षा आहे. एका राज्याने आपल्या सेवकांसाठी घेतलेली परीक्षा दुसऱ्या राज्यात आपोआप ग्राह्य धरली जात नाही. म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे पूर्ण नाव शासन निर्णयातील नावाशी ताडून पाहावे.

तिसरी अडचण नावाच्या लेखनाची. कर्नाटकातील शालेय प्रमाणपत्रांवर पुष्कळदा वडिलांच्या नावाचे आद्याक्षर व स्वतःचे नाव एवढेच असते, तर महाराष्ट्रातील कार्यालय आडनाव, नाव व वडिलांचे नाव असा क्रम धरते. परीक्षेचा अर्ज दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच भरावा. विवाहानंतर नाव बदलले असल्यास राजपत्राची प्रत अथवा विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवावा.

मुदतीचा हिशेब

दोन वर्षे हा काळ मोठा वाटतो, पण प्रत्यक्ष हिशेब वेगळा आहे. समजा, खानापूर तालुक्यातील एका तरुणीची गट-क पदावर १ जुलै २०२५ रोजी नियुक्ती झाली. तिची मुदत ३० जून २०२७ रोजी संपते. नवे काम, प्रशिक्षण आणि बदललेले गाव यांत पहिले दीड वर्ष निघून जाते व ती जानेवारी २०२७ मध्ये सीसीसीचा अर्ज भरते. अर्ज व परीक्षा यांत साधारण दोन महिन्यांचे अंतर धरले, तर परीक्षा मार्चमध्ये होईल आणि निकाल एप्रिलच्या सुमारास लागेल. तिला ४७ गुण पडले, म्हणजे केवळ तीन गुणांनी ती अनुत्तीर्ण झाली. मेमध्ये तिने पुन्हा अर्ज केला, तर पुढील परीक्षा जुलैत येईल. तोवर मुदत संपलेली असेल.

याचा अर्थ असा, की सहा महिने हातात ठेवल्यास एकच प्रयत्न मिळतो. तीच तरुणी जानेवारी २०२६ मध्ये अर्ज करती, तर त्याच ४७ गुणांनंतरही तिला आणखी तीन-चार प्रयत्नांना अवकाश राहिला असता. पहिला अर्ज रुजू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा, हे यावरून उघड आहे.

आदेशातील शब्द नीट वाचणेही तितकेच आवश्यक आहे. मुदत नियुक्तीच्या दिनांकापासून मोजायची की रुजू होण्याच्या दिनांकापासून, हे आदेशावरूनच ठरवावे आणि शंका असल्यास आधीची तारीख धरून चालावे. लिपिक-टंकलेखक पदावरील व्यक्तीने आणखी एक भेद लक्षात ठेवावा. मराठी ३० अथवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट या वेगाचे टंकलेखन प्रमाणपत्र ही स्वतंत्र अर्हता आहे. ते असले तरी संगणक अर्हतेची अट पूर्ण झाली, असे होत नाही.

सूट कोणाला

संगणक वा माहिती तंत्रज्ञान विषयातील पदवी अथवा पदविका असणाऱ्यांनी सूट गृहीत धरू नये. आपली पदवी समतुल्य अर्हतांच्या शासन निर्णयात बसते का, हे आस्थापना शाखेकडून लेखी घ्यावे. तोंडी ‘चालेल’ म्हणणारे अधिकारी दोन वर्षांनी बदलून गेलेले असतात.

वयाच्या पन्नाशीनंतर दिली गेलेली सूट ही जुन्या, आधीपासून सेवेत असलेल्या कर्मचाऱ्यांसाठी होती. सरळसेवेची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ व मागास प्रवर्गासाठी ४३ असल्याने नव्याने रुजू होणाऱ्याला तिचा सहसा लाभ होत नाही. गट-ड पदांच्या जाहिरातींत ही अट सहसा नसते. मात्र तेथून लिपिकपदावर पदोन्नतीची वेळ आली की हा प्रश्न पुढे येतो.

प्रमाणपत्र मिळाल्यावर

परीक्षा उत्तीर्ण होऊनही नुकसान झालेले कर्मचारी आहेत. त्यांनी प्रमाणपत्र घरी ठेवले आणि सेवापुस्तकात त्याची नोंदच झाली नाही. जुन्या कर्मचाऱ्यांना ३१ डिसेंबर २००७ पर्यंतची मुदत होती व त्यानंतर उत्तीर्ण न झालेल्यांच्या वेतनवाढी रोखायच्या होत्या. अनेक शाळांत व कार्यालयांत वेतनवाढी चालूच राहिल्या आणि पुढे सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे गेल्यावर, कित्येकदा निवृत्तीच्या उंबरठ्यावर, वसुली निघाली.

अशा वसुलीबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह हा निकाल महत्त्वाचा आहे. गट-क व गट-ड मधील कर्मचारी, निवृत्त झालेले वा वर्षभरात निवृत्त होणारे, तसेच पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम दिली गेलेले कर्मचारी यांच्याकडून ती वसूल करता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. परंतु २०१६ च्या जगदेव सिंग प्रकरणात, जादा रक्कम परत करण्याचे हमीपत्र वेतननिश्चितीच्या वेळी स्वतः लिहून दिलेल्या अधिकाऱ्याकडून वसुली योग्य ठरविली गेली. त्यामुळे हमीपत्रावर सही करताना ते वाचावे.

नव्या कर्मचाऱ्याने मात्र न्यायालयावर भिस्त ठेवू नये, कारण त्याच्या आदेशात वेतनवाढ रोखण्याची नव्हे, सेवासमाप्तीची अट आहे. निकाल लागताच प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत अर्जासह कार्यालयप्रमुखांना द्यावी, आवक क्रमांकाची पोच घ्यावी आणि महिनाभराने सेवापुस्तक मागवून उत्तीर्ण झाल्याचा दिनांक, परीक्षेचे नाव व प्रमाणपत्र क्रमांक यांची सहीनिशी नोंद झाली आहे की नाही, हे स्वतः पाहावे.