टप्पा आणि पायरी : गडचिरोलीच्या गावांपासून रुग्णालयाच्या वॉर्डांपर्यंत

एखादा उपक्रम ‘टप्प्याटप्प्याने’ राबविला असे आपण म्हणतो, तेव्हा त्या एका शब्दात दोन भिन्न अर्थ दडलेले असतात. एकाच ठिकाणी आज एक गोष्ट व उद्या दुसरी गोष्ट सुरू करणे, हा एक अर्थ. तीच एक गोष्ट आज एका ठिकाणी व उद्या दुसऱ्या ठिकाणी सुरू करणे, हा दुसरा. व्यवहारात हा भेद नजरेआड झाला तरी काही बिघडत नाही. परंतु उपक्रमाचा गुण आला की नाही हे सिद्ध करावयाचे असेल, तर सारा निकाल ह्या भेदावरच अवलंबून राहतो. प्रस्तुत लेखात पहिल्या अर्थासाठी ‘टप्पा’ आणि दुसऱ्या अर्थासाठी ‘पायरी’ हा शब्द योजिला आहे, आणि रुग्णालयाच्या वॉर्डांतून हात धुण्याचा कार्यक्रम पारखावयाचा झाल्यास ह्या दोहोंतील फरक कसा निर्णायक ठरतो, हे इतिहासाच्या आधारे पाहावयाचे योजिले आहे.

आरंभ व्हिएन्नापासून करणे प्राप्त आहे. तेथील प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. १८४० पासून पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात बाळंतरोगाने मरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे शेकडा १०, तर दुसऱ्यात सुमारे ४ होते. मे १८४७ मध्ये इग्नाझ सेमेलवाइस ह्यांनी पहिल्या विभागात क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शेकडा १८ असलेले मृत्युप्रमाण जूनमध्ये शेकडा २ च्या आसपास आले. आज ह्या निष्कर्षाविषयी कोणास शंका नाही. तथापि चाचणीची रचना म्हणून पाहता येथे तुलनेस विभाग दोनच होते, आणि कोणत्या विभागात प्रथम आरंभ करावयाचा हे चिठ्ठीने ठरले नव्हते. परिणाम इतका प्रचंड होता म्हणूनच ही दुबळी रचना पुरेशी ठरली. परिणाम मध्यम असता, तर विभागाचा गुण कोणता आणि हात धुण्याचा गुण कोणता हे सांगता आले नसते.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन १९८२ मध्ये गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यानंतर तेथे काम सुरू करणाऱ्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेची चाचणी घेतली. तिचा अहवाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ३९ गावांत हा उपक्रम राबविला गेला आणि ४७ गावे तुलनेसाठी होती. तुलनेच्या गावांत नेहमीच्या सेवा चालू राहिल्या. प्रशिक्षित गावकरी स्त्रिया घरोघरी जाऊन बाळाची पाहणी व शुश्रूषा करीत, आणि बाळाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुणे हा त्या शुश्रूषेचाच एक भाग होता. प्रारंभी दोन्ही भागांत दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू साधारण ६० च होते. तिसऱ्या वर्षी उपक्रमाच्या गावांत ते २५.५ वर आले, तर तुलनेच्या गावांत ५९.६ राहिले.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. पहिली अशी की, चाचणीचे एकक बाळ नसून गाव होते. एका गावातील एका घरी शिकविलेली गोष्ट शेजारच्या घरी जाणारच. म्हणून एकेका बाळाची वाटणी करण्याऐवजी सबंध गाव ह्या किंवा त्या बाजूस ठेवावे लागते. हीच समूह-चाचणी होय. दुसरी गोष्ट अशी की, ह्या उपक्रमात टप्पे होते. १९९३ ते १९९५ पायाभूत नोंदी झाल्या. पुढे पहिल्या वर्षी निरीक्षण व किरकोळ आजारांचे उपचार, दुसऱ्या वर्षापासून जंतुदोषावर घरीच उपचार, आणि तिसऱ्या वर्षी मातांचे आरोग्यशिक्षण अशी भर पडत गेली. परंतु हे टप्पे ३९ ही गावांनी एकाच वेळी ओलांडले. परिणामी सबंध शुश्रूषेचे श्रेय ४७ गावांशी तुलना करून सांगता येते. मात्र त्यातील हात धुण्याचा वाटा किती आणि औषधाचा किती, हे ह्या रचनेतून वेगळे काढता येत नाही. हा उपक्रमाचा दोष नव्हे. त्या रचनेला विचारलेला प्रश्नच निराळा होता.

पायरीची रचना ह्याच सुमारास पश्चिम आफ्रिकेतील गँबिया देशात नावारूपास आली. १९८६ मध्ये तेथे कावीळ-ब ची लस देण्यास आरंभ झाला, परंतु सर्व देशास एकदम पुरेल इतकी लस व यंत्रणा नव्हती. म्हणून लसीकरणाची १७ पथके चिठ्ठीने ठरलेल्या क्रमाने, काही आठवड्यांच्या अंतराने, एकामागून एक सामील करण्यात आली, आणि सुमारे चार वर्षांत सर्व देश व्यापला. कागदावर आडव्या ओळीत काळ आणि उभ्या ओळीत पथके मांडली, तर लस मिळालेला भाग पायऱ्यापायऱ्यांनी रुंदावत जाणाऱ्या पाचरीसारखा दिसतो. १९८७ च्या लेखात ह्या रचनेस तेच नाव मिळाले. मराठीत तिला ‘पायरी-पाचर आराखडा’ म्हणावयास हरकत नाही. सुताराची पाचर मराठी वाचकास परकी नाही.

रुग्णालयात हा आराखडा का लागतो हे आता सहज उमगेल. हात धुण्याची सवय ही एकट्या परिचारिकेची नसते. ती वॉर्डाची असते. बेसिन एक, सिस्टर एक, पाळ्या सामाईक. म्हणून वॉर्ड हाच समूह धरावा लागतो. प्रशिक्षण देणारी मंडळी मोजकी असल्याने सर्व वॉर्डांत एकदम आरंभही करता येत नाही. समजा, १२ वॉर्ड आहेत. चिठ्ठ्या टाकून त्यांचे तीन-तीनचे चार गट केले. पहिल्या कालखंडात कोणत्याही वॉर्डात कार्यक्रम नाही. पुढे प्रत्येक कालखंडाच्या आरंभी एक गट सामील होतो. पाचव्या कालखंडात सर्व १२ वॉर्ड सामील झालेले असतात.

ह्या सुबक मांडणीतच एक सापळा आहे, आणि तो कल्पित आकड्यांनी स्पष्ट करता येईल. समजा, कार्यक्रमाचा परिणाम मुळीच नाही. परंतु रुग्णालयात नवे नळ बसले, साबण वेळेवर येऊ लागला, आणि त्यामुळे सर्वच वॉर्डांत हात धुण्याचे प्रमाण पाच कालखंडांत अनुक्रमे शेकडा ४०, ४५, ५०, ५५ व ६० असे वाढत गेले. कार्यक्रम सुरू न झालेल्या वॉर्डांची संख्या अनुक्रमे १२, ९, ६, ३ व ०. त्यांची सरासरी काढल्यास ती ४५ येते. सुरू झालेल्या वॉर्डांची संख्या ०, ३, ६, ९ व १२. त्यांची सरासरी ५५ येते. म्हणजे निव्वळ शून्य परिणामातून दहा टक्क्यांचे यश निर्माण झाले! कारण उघड आहे. कार्यक्रमाविना गेलेला काळ बहुतांशी आरंभीचा, आणि कार्यक्रमासह गेलेला काळ बहुतांशी अखेरचा असतो. ह्यावर उपाय असा की, तुलना एकाच कालखंडातील वॉर्डांमध्ये करावी. तसे केल्यास प्रत्येक कालखंडात फरक शून्य दिसतो. २००७ मध्ये हसी व ह्यूज ह्यांनी जी विश्लेषणपद्धती मांडली, तिचे मर्म हेच आहे. प्रत्येक कालखंडास स्वतःचे पद द्यावयाचे आणि मगच कार्यक्रमाचा परिणाम मोजावयाचा.

मात्र हा उपाय सर्व वॉर्डांना सारख्या लागणाऱ्या बदलापुरताच चालतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात पावसाळ्यात व त्यानंतर मलेरियाचे रुग्ण वाढतात. ती गर्दी औषधोपचाराच्या वॉर्डांत जेवढी होते तेवढी शस्त्रक्रियेच्या वॉर्डांत होत नाही. उन्हाळ्यात पाणी तुटले, तर वरच्या मजल्यावरील नळ आधी कोरडे पडतात. असे बदल कालखंडाच्या पदाने पुसले जात नाहीत. म्हणून चिठ्ठ्या टाकण्यापूर्वी वॉर्डांची प्रकारवार वर्गवारी करून प्रत्येक गटात सर्व प्रकार येतील असे पाहावे लागते.

वॉर्डांच्या संख्येविषयीही एक भ्रम असतो. प्रत्येक वॉर्डात एका कालखंडात ५० प्रसंग पाहिले, तर १२ वॉर्डांत ६०० प्रसंग होतात. परंतु एकाच वॉर्डातील प्रसंग एकमेकांसारखे असतात. ह्या साम्याचे गुणक ०.०५ धरले, तर ४९ ला ०.०५ ने गुणून त्यात १ मिळवावा. उत्तर ३.४५ येते. ६०० ला त्याने भागले म्हणजे एका कालखंडापुरते खरे बळ सुमारे १७४ स्वतंत्र प्रसंगांइतकेच उरते. पायरी-पाचरीत प्रत्येक वॉर्डाची स्वतःशीही तुलना होत असल्याने ही तूट काही अंशी भरून निघते, परंतु त्याच वॉर्डात नुसती निरीक्षणे वाढवीत गेल्याने ती भरत नाही. त्यासाठी वॉर्डच वाढवावे लागतात.

हे सर्व प्रत्यक्षात कसे घडते ह्याचे उत्तम उदाहरण २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्लंड व वेल्समधील १६ रुग्णालयांच्या ६० वॉर्डांत तीन वर्षे पायरी-पाचर चाचणी झाली. कर्मचाऱ्यांचे निरीक्षण करून त्यांना लगेच अभिप्राय देणे व पुढील उद्दिष्ट ठरविणे हा कार्यक्रम होता. परिणाम मोजणाऱ्या निरीक्षकांना कोणत्या वॉर्डात तो सुरू झाला आहे हे सांगितले नव्हते, कारण आपल्याकडे कोणी पाहत आहे हे कळताच हात अधिक धुतले जातात, आणि निरीक्षकाची अपेक्षाही नोंदीत उतरते. शिवाय साबण व अल्कोहोलयुक्त द्राव किती खपला ह्याचीही मोजणी होती. निरीक्षणात हात धुणे वाढले आणि खप मात्र तेवढाच राहिला, तर वाढ दिखाऊ असल्याचा संशय घ्यावा.

ह्या चाचणीत ६० पैकी ३३ वॉर्डांनीच कार्यक्रम प्रत्यक्षात सुरू केला. चिठ्ठीनुसार सर्व वॉर्ड मोजले असता अतिदक्षता विभागात सुधारणा दिसली, परंतु वृद्धांच्या वॉर्डांत स्पष्ट फरक आढळला नाही. ज्यांनी कार्यक्रम खरोखर राबविला तेवढेच वॉर्ड घेतले असता दोहोंतही सुधारणा दिसते. ह्यांतील दुसरे उत्तर अधिक सुखद आहे, पण ते जपूनच घेतले पाहिजे. जो वॉर्ड वेळेवर आरंभ करतो, त्यात मनुष्यबळ व उत्साह मुळातच अधिक असण्याचा संभव असतो, आणि मग आपण कार्यक्रमाऐवजी उत्साहच मोजून बसतो. रुग्णालयाच्या अधिकाऱ्याला ‘हा कार्यक्रम लागू केल्यास काय होईल’ हे विचारावयाचे असते, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर चिठ्ठीच्या क्रमानेच मिळते.

पायरी-पाचरीच्या बाजूने नेहमी असे सांगितले जाते की, अखेरीस सर्वांनाच लाभ मिळतो. हे समर्थन तपासून घेतले पाहिजे. लाभ आधीच सिद्ध असेल, तर शेवटच्या गटास थांबविणे अन्याय्य होय. सिद्ध नसेल, तर ‘सर्वांना लाभ’ हे शब्दच अकाली आहेत, आणि तुलनेचे वॉर्ड अखेरपर्यंत तसेच ठेवणारी साधी समूह-चाचणी बहुधा अधिक स्वच्छ उत्तर देते. गडचिरोलीच्या ४७ गावांचे आकडे अखेरपर्यंत साठाच्या आसपास राहिले, म्हणूनच ३९ गावांतील घट काळाच्या ओघाने झाली नाही हे निःशंकपणे म्हणता आले. पायरी-पाचरीत अखेरच्या कालखंडात तुलनेस एकही वॉर्ड उरत नाही. तेव्हा पायऱ्या कराव्यात त्या प्रशिक्षक किंवा साधने अपुरी असतील तेव्हा, म्हणजे गँबियाप्रमाणे विलंब अटळ असेल तेव्हा. अशा वेळी तो विलंब कोणाच्या वाट्यास यावा हे चिठ्ठीने ठरविले, तर तो न्याय्यही होतो आणि त्यातून ज्ञानही मिळते.