बुध (जन्मकुंडलीतील)

फलज्योतिषात बुद्धी, वाणी, लेखन, गणित आणि व्यापार यांचा कारक मानलेला ग्रह. मिथुन व कन्या या त्याच्या स्वराशी. कन्येत तो उच्चीचा, मीनेत नीचीचा. त्याचा स्वभाव संगतीवर ठरतो, म्हणजे शुभ ग्रहाबरोबर तो शुभ आणि पाप ग्रहाबरोबर पापफळ देणारा समजतात. त्यामुळे ‘बुध चांगला आहे’ एवढ्या वाक्याला जाणकार फारशी किंमत देत नाहीत. तो कोणत्या स्थानी आहे, कोणत्या स्थानांचा स्वामी आहे आणि सूर्यापासून किती अंशांवर आहे, हे ते आधी विचारतात.

पृथ्वीवरून पाहता बुध सूर्यापासून सुमारे 28 अंशांहून दूर जात नाही. म्हणून कोणत्याही कुंडलीत तो सूर्याच्या राशीत किंवा तिच्या लगतच्या राशीतच सापडतो. ‘बुधादित्य योग’ म्हणून ज्याचे कौतुक होते, तो याच कारणाने गावोगावच्या असंख्य पत्रिकांत असतो. सूर्याच्या 14 अंशांच्या आत (वक्री असल्यास 12) आला की बुध अस्तंगत धरतात. असा बुध समज देतो, पण ती बोलून दाखवण्याचे बळ देत नाही, असे काही ज्योतिषी सांगतात. बुध सदाच सूर्याजवळ असल्याने त्याला अस्ताचा दोष फारसा लागत नाही, असे दुसरे म्हणतात. हा वाद मिटलेला नाही.

उदाहरणासाठी 9 मे 2016 हा दिवस सोयीचा आहे. त्या संध्याकाळी बुध सूर्यबिंबावरून सरकत होता (बुधाचे अधिक्रमण), म्हणजे याहून अधिक अस्तंगत बुध मिळणे नाही. सूर्य व वक्री बुध दोघेही निरयन मेषेत, साधारण 25 अंशांवर होते; वक्री मंगळ आणि वक्री शनी वृश्चिकेत होते. भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर येथे त्या संध्याकाळी सव्वासातला एक मूल जन्मले असे धरू.

लाखांदूरचे रेखांश सुमारे 79.9 पूर्व, तर मुंबईचे 72.9. सात अंशांचा हा फरक म्हणजे 28 मिनिटे. पत्रिका करणाऱ्याने मुंबईची लग्नसारणी तशीच वापरली, तर सव्वासातला तूळ लग्न संपत आलेले दिसेल. प्रत्यक्षात लाखांदूरला सात वाजण्याच्या पाचेक मिनिटे आधीच वृश्चिक लग्न लागलेले असते. बुध मेषेतच राहतो, त्याचा अंशही बदलत नाही. भाकीत मात्र पार बदलते.

तूळ लग्नाच्या चुकीच्या पत्रिकेत बुध सप्तमात येतो. सप्तम हे व्यवहार आणि भागीदारीचे स्थान, तेव्हा हा मुलगा धानाच्या व्यापारात दुसऱ्याशी सौदा चटकन जुळवेल, असे सांगितले जाईल. बुध येथे नवमेश व व्ययेशही असल्याने शिक्षणासाठी घर सोडण्याचे भाकीत जोडले जाईल. द्वितीय हे वाणीस्थान, त्यात मंगळ-शनी असल्याने ‘बोलणे तुटक, पण नेमके’ असेही लिहिले जाईल. वृश्चिक लग्नाच्या बरोबर पत्रिकेत हाच बुध षष्ठात जातो. तेथे तो अष्टमेश व लाभेश असतो, आणि वाणीस्थान धनूचे होऊन मंगळ-शनी लग्नी येतात. मग सौदे जमवणाऱ्याऐवजी हिशेब, तपासणी आणि कज्जेदलालीत डोके चालणारा माणूस रंगवला जातो. शिकण्याच्या पद्धतीबद्दल मात्र दोन्ही पत्रिका सारखेच बोलतात, कारण ते राशीवरून घेतात: मेषेचा बुध लवकर उचलतो, उजळणीला कंटाळतो. लग्न संधीजवळ असेल तेव्हा जन्मवेळेची विश्वासार्हता आधी पाहावी, हे त्यामुळेच. घरच्यांनी ‘दिवेलागणीला’ एवढेच सांगितले असेल, तर स्थानांवरून काढलेल्या फळाला आधार उरत नाही.

हे वर्णन परंपरेतले आहे. ते खरे ठरते का, हा वेगळा प्रश्न. त्याची एक तपासणी महाराष्ट्रातच झाली. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी 2008 मध्ये नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे व प्रकाश घाटपांडे यांच्यासह 100 हुशार विद्यार्थ्यांच्या आणि 100 मतिमंद मुलांच्या जन्मतपशिलांवरून पत्रिका तयार केल्या. त्यांतल्या यादृच्छिकपणे निवडलेल्या प्रत्येकी 40 पत्रिका ज्योतिषांना दिल्या, आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली हे ओळखायला सांगितले. उत्तरे पाठवणारे 27 जण होते. त्यांची सरासरी अचूकता 46 टक्के निघाली. नाणे उडवून 50 टक्क्यांच्या आसपास मिळाली असती. एका संस्थेने सर्व 200 पत्रिका पाहिल्या, त्यातल्या 102 बरोबर ठरल्या. चाचणी एकट्या बुधाची नव्हती, संपूर्ण पत्रिकेची होती. पण बुद्धीतला इतका ठळक फरकही पत्रिकेवरून ओळखता आला नाही, तर वरच्या उदाहरणातील तूळ व वृश्चिक लग्नांमधला बारीक फरक प्रत्यक्षात दिसेल असे मानायला या निकालात आधार सापडत नाही.